भरता येतो, मग रंगवता का येत नाही?

*सर, मी परळला राहते, एफवायबीएस्सीला आहे. y = 1/x ही रेषा x = 1 पासून पुढे अनंतापर्यंत x-अक्षाभोवती फिरवली की जो भोंगा तयार होतो, त्याचं घनफळ π येतं आणि पृष्ठफळ अनंत येतं, हे वर्गात झालं. घरी बाबांना सांगितलं. बाबा तीस वर्षं रंगकामाची कंत्राटं घेतात. ते म्हणाले, "जो भोंगा रंगाने काठोकाठ भरतो, त्याची आतली बाजू रंगली नाही असं कसं म्हणतेस? तुमचं गणित कुठेतरी चुकलंय." मॅडम म्हणाल्या, "तो विरोधाभास आहे, परीक्षेत दोन्ही इंटिग्रेशनं लिही." नक्की कोण चुकतंय?*
— एक विद्यार्थिनी, परळ

कोणीच चुकत नाही. गणित बरोबर आहे आणि बाबांची शंकाही बरोबर आहे. घोळ आहे तो "रंगवणं" या एका शब्दाचा, आणि त्या शब्दात बाबांच्या धंद्यातला एक आकडा दडलेला आहे. त्या आकड्यापर्यंत जाण्याआधी भोंगा जरा हातात घेऊन बघू. नुसतं "π" आणि "अनंत" म्हटलं की डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही.

एक एकक म्हणजे 10 सेंटिमीटर धर. हे मी मुद्दाम निवडलंय, कारण 10 सेंटिमीटर बाजूच्या घनात बरोबर एक लिटर मावतो. म्हणजे घनफळ π आलं तर भोंग्यात 3.14 लिटर मावणार. भोंग्याचं तोंड 20 सेंटिमीटर रुंद, एखाद्या पातेल्याएवढं. शून्यापासून एक मीटरवर गेलीस की त्रिज्या 1 सेंटिमीटर उरते, 10 मीटरवर 1 मिलिमीटर, आणि 100 मीटरवर मिलिमीटरचा दहावा भाग. तिथे भोंगा भोंग्यासारखा दिसतच नाही, बारीक दोऱ्यासारखा दिसतो. आणि तो पुढे जातच राहतो.

आता त्यात रंग ओत. x = 1 पासून x = a पर्यंत भोंग्याच्या आडव्या चकत्या पाडल्या, तर प्रत्येक चकतीचं क्षेत्रफळ π/x² असतं आणि त्यांची बेरीज V = π(1 − 1/a) येते. पहिल्या मीटरपर्यंत 2.83 लिटर रंग मावतो. तिथून 10 मीटरपर्यंत 283 मिलिलिटर. तिथून 100 मीटरपर्यंत 28 मिलिलिटर. दर टप्प्याला अंतर दहापट होतं आणि रंग दहावा हिस्सा होतो. एक किलोमीटरच्या पुढे जी न संपणारी लांबी उरते, तिच्यात सगळी मिळून 0.31 मिलिलिटर जागा आहे, म्हणजे ड्रॉपरचे सहा थेंब. घनफळ आटोक्यात राहतं ते यामुळे. हे बाबांना पटेल, कारण ते रोज डब्यातला रंग मोजतात.

पृष्ठफळाचं वागणं वेगळं आहे, आणि का वेगळं आहे ते सूत्राशिवायही दिसतं. भोंग्याची एक पातळ अंगठी घे, आणि तिच्या दहापट अंतरावरची दुसरी अंगठी घे जी लांबीलाही दहापट आहे. दुसरीचा परीघ पहिलीच्या दहावा, लांबी दहापट, म्हणून दोघींच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ जवळजवळ तेवढंच. आतल्या जागेचं मात्र तसं नाही. तिथे त्रिज्येचा वर्ग येतो, म्हणून चकती शंभरावा हिस्सा होते, लांबी फक्त दहापट वाढते, आणि जागा दहावा हिस्सा उरते. परीघाला त्रिज्या एकदा लागते, चकतीला दोनदा लागते. सगळं प्रकरण एवढ्यावर उभं आहे.

आकड्यात सांगायचं तर पहिल्या मीटरपर्यंत पृष्ठफळ सुमारे 1,518 चौरस सेंटिमीटर होतं, आणि पुढे अंतर दहापट झालं की दर वेळी साधारण 1,447 चौरस सेंटिमीटरची भर पडते. ए-फोरचे सव्वादोन कागद. एक मीटर ते दहा मीटर, सव्वादोन कागद. एक किलोमीटर ते दहा किलोमीटर, तेवढेच सव्वादोन. टप्पे कधी संपत नाहीत, भर कधी कमी होत नाही, म्हणून बेरीज कुठल्याही आकड्यापाशी थांबत नाही. "पृष्ठफळ अनंत आहे" याचा अर्थ एवढाच आहे: तू कितीही मोठं क्षेत्रफळ सांग, भोंगा कुठेतरी ते ओलांडतो. कुठल्याही एका ठिकाणी भोंगा कापलास तर घनफळही मोजून येतं आणि पृष्ठफळही.

पण तो ओलांडतो किती सावकाश, ते बघण्यासारखं आहे. एक चौरस मीटर पृष्ठफळ भरायला भोंगा सुमारे 730 किलोमीटर लांब लागतो. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे, म्हणजे भोंग्याचं टोक मुंबईहून निघून नागपूर ओलांडतं तेव्हा कुठे एक चौरस मीटर होतो. दुसऱ्या चौरस मीटरसाठी? लांबी सुमारे 82 लाख पट करावी लागते. ती येते जवळजवळ 600 कोटी किलोमीटर, सूर्यापासून प्लूटोचं सरासरी अंतर आहे साधारण तेवढी. बाबांच्या भाषेत, सात फूट बाय तीन फूट दाराची एक बाजू जेमतेम दोन चौरस मीटर भरते. प्लूटोपर्यंत पोचलेल्या भोंग्याची आख्खी पाठ म्हणजे एका दाराची एक बाजू. माझ्या मते हा आकडा वर्गात सांगायलाच हवा. अनंत म्हटलं की मुलांना काहीतरी धबधब्यासारखं कोसळणारं वाटतं, आणि इथे तर ते ठिबकतंय.

परीक्षेचं एक इथेच सांगून टाकतो, कारण उत्तरपत्रिकांत मी हीच चूक पुन्हा पुन्हा पाहिली आहे. पृष्ठफळाच्या सूत्रात 2π · (1/x) · √(1 + 1/x⁴) येतं. दहावीत शंकूछेदाला तू तिरकस उंची घेत होतीस ना, हे वर्गमूळ तेच काम करतं: भोंग्याची भिंत सरळ नाही, किंचित उतरती आहे. मुलं त्या वर्गमुळाचं इंटिग्रेशन करत बसतात आणि अर्ध्यात अडकतात. त्याची गरज नाही. वर्गमूळ नेहमी 1 पेक्षा मोठं असतं, म्हणून ते काढून टाकलं तर उत्तर कमीच होईल. उरतं 2π · (1/x), त्याचं a पर्यंतचं उत्तर 2π ln a, आणि a वाढेल तसं ते अमर्याद वाढतं. जे कमी केलेलं आहे तेच अमर्याद आहे, मग खरं पृष्ठफळ असणारच. मात्र "वर्गमूळ जवळजवळ 1 आहे म्हणून सोडलं" असं लिहू नकोस. तिथे "पेक्षा मोठं" हेच चिन्ह हवं, आणि ते कुठल्या बाजूला तोंड करून आहे यावर सिद्धता उभी राहते किंवा पडते. तुला कुतूहल असेल म्हणून सांगतो, त्या वर्गमुळामुळे आख्ख्या अनंत लांबीत जे क्षेत्रफळ वाढतं ते फक्त 71 चौरस सेंटिमीटर, तळहाताएवढं.

आता बाबांकडे येऊ.

त्यांना विचार, एका लिटरमध्ये किती भागतं. समजा ते म्हणाले, एका हाताला शंभर चौरस फूट. मग कागद घेऊन त्यांच्यासमोर हिशोब कर. शंभर चौरस फूट म्हणजे साधारण 9.3 चौरस मीटर. एक लिटर रंग तेवढ्यावर सारखा पसरला तर ओल्या थराची जाडी किती? मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून जराशी जास्त. हा तो दडलेला आकडा. "लिटरला शंभर फूट" म्हणताना बाबा क्षेत्रफळाची घनफळाशी तुलना करत नसतात, मधे जाडी धरलेली असते, आणि ती भिंतभर सारखी असते. ती कोणी बोलून दाखवत नाही, कारण खोलीत ती बदलत नाही. लिटर आणि चौरस फूट यांची गाठ जाडीशिवाय पडतच नाही. कापड मीटरने मोजायचं आणि तांदूळ किलोने, मग कोण जास्त असं विचारायचं, तसं ते होईल.

भोंग्यात ती जाडी सारखी ठेवता येत नाही. आतून 0.1 मिलिमीटरचा हात मारत गेलास, असं बाबांना सांग, तर 100 मीटरवर भोंग्याची त्रिज्याच 0.1 मिलिमीटर आहे. तिथे थर चहूबाजूंनी येऊन मधोमध भिडतो आणि भोंगा बुजतो. त्याच्या पुढे नेहमीचा हात मारायला आत जागाच नाही. तरीही भोंगा रंगाने भरला आहे, आणि भरला आहे म्हणजे आतल्या भिंतीच्या प्रत्येक बिंदूला रंग लागलेला आहे. बाबा म्हणतात तेच खरं: आतली बाजू रंगली. फक्त थर प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे. तोंडाशी रंग आतल्या रेषेपर्यंत 10 सेंटिमीटर खोल आहे, 10 मीटरवर 1 मिलिमीटर, किलोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग, आणि पुढे त्याहून बारीक होत जातो. जाडी अशी उतरत गेली तर न संपणाऱ्या भिंतीला 3.14 लिटर पुरतो.

मग "अनंत पृष्ठफळ, म्हणून रंगवता येत नाही" हे वाक्य कधी खरं? थर कुठेही ठरलेल्या जाडीपेक्षा पातळ होऊ द्यायचा नाही, अशी अट घातली तर. ही अट वर्गात कोणी फळ्यावर लिहीत नाही, आणि विरोधाभास तिथे जन्म घेतो. भरताना एक अट आपण गुपचूप सोडलेली असते आणि रंगवताना तीच गुपचूप धरलेली असते.

हे पटतंय का ते तपासायला भोंगा बाहेरून रंगव. बाहेर जागेची अडचण नाही. प्रत्येक ठिकाणी तिथल्या त्रिज्येएवढा जाड थर दिला, तर बाहेरची त्रिज्या 2/x होते, थराची चकती π(4 − 1)/x², आणि एकूण रंग 3π, म्हणजे 9.42 लिटर. फार जाड वाटतो? मग त्रिज्येच्या दहाव्या हिश्शाएवढा दे. आता 0.21π, म्हणजे 0.66 लिटर. आतली बाजू न भरता, पाऊण लिटरच्या आत, अनंत पृष्ठभाग बाहेरून रंगून झाला. एकही बिंदू कोरडा राहिला नाही.

आणि ठरलेल्या जाडीचा थर बाहेरून दिला तर काय होतं, हे बाबांना नक्की दाखव, कारण त्यात त्यांचा नेहमीचा हिशोबसुद्धा मोडतो. नागपूरच्या पुढपर्यंतचा 730 किलोमीटरचा भोंगा घे. पृष्ठफळ एक चौरस मीटर, थर 0.1 मिलिमीटर, नेहमीच्या हिशोबाने लागायला हवा 100 मिलिलिटर. प्रत्यक्षात लागेल सुमारे 23 लिटर. कारण 100 मीटरच्या पुढे भोंगा थरापेक्षा बारीक आहे, आणि रंग त्याच्याभोवती बसतो तो जवळजवळ भरीव तारेसारखा: 0.1 मिलिमीटर त्रिज्येची, 730 किलोमीटर लांब रंगाची तार. क्षेत्रफळ गुणिले जाडी हा हिशोब भिंतीला चालतो, पाइपला चालतो, ग्रिलच्या सळईलाही चालतो, कारण तिथे थर वस्तूपुढे नगण्य असतो. वस्तू थरापेक्षा बारीक झाली की तो चालत नाही. पुढे भोंगा वाढेल तशी ती तार वाढत जाणार, म्हणून या अटीखाली रंग खरोखर कधीच पुरणार नाही. तिथे मॅडमचं अनंत पूर्ण खरं आहे.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. हे सगळं रंग हवा तेवढा पातळ होतो असं धरून आहे. डब्यातला रंग तसा नसतो. पांढऱ्या रंगात टायटेनियम डायऑक्साइडचे जे कण असतात, ते साधारण पाव मायक्रॉनचे. भोंगा 80 किलोमीटरवर तेवढा अरुंद होतो, म्हणजे तोंड सीएसएमटीला ठेवलं तर आसनगाव येण्याच्या आधीच कण अडकणार. रेणूही असाच पुढे कुठेतरी अडकेल. म्हणून खरा भोंगा खऱ्या रंगाने भरून दाखवा असं बाबांनी म्हटलं, तर तो टोकापर्यंत भरणारच नाही. पण त्यामुळे गणित खोटं ठरत नाही. गणितातला रंग म्हणजे नुसती जागा, तिला कण नसतात.

बाबा कदाचित उलटं विचारतील: अशी वस्तू आहे का, जी थोड्या रंगात रंगते पण भरता भरत नाही? तोंडापेक्षा पुढे कुठेही रुंद न होणाऱ्या अशा भोंग्यात ते शक्य नाही, आणि कारण दोन ओळींचं आहे. चकतीचं क्षेत्रफळ πr² म्हणजे परीघ 2πr गुणिले r/2. तोंडाशी r = 1 आणि पुढे कमीच, म्हणून प्रत्येक चकती परीघाच्या निम्म्याहून मोठी नाही. सगळं जोडलं की घनफळ पृष्ठफळाच्या निम्म्याच्या वर जाऊ शकत नाही. पृष्ठफळ मोजकं असेल तर घनफळ मोजकंच.

शेवटी, हा भोंगा आला कुठून. इटलीतल्या इव्हांजेलिस्ता तोरिचेल्लीने तो 1641 च्या सुमारास शोधला आणि 1644 मध्ये छापला. पाऱ्याच्या वायुभारमापकामुळे आपण ज्याला ओळखतो तोच हा. त्या वेळी न्यूटनचं कलनशास्त्र नव्हतं. अमर्याद लांब वस्तूचं घनफळ मर्यादित येतं, यानेच तेव्हाचे विद्वान हादरले. इंग्लंडमध्ये थॉमस हॉब्जने तर लिहिलं की हे समजायला भूमितीतज्ज्ञ किंवा तर्कज्ञ असावं लागत नाही, वेडं असावं लागतं. तो चिडला होता, पण तोरिचेल्लीची रीत पाहिलीस तर त्यात वेड कुठेच नाही.

त्याने चकत्या पाडल्या नाहीत. त्याने भोंगा कांद्यासारखा सोलला. अक्षाभोवती r त्रिज्येची वृत्तचिती घे, r शून्य ते 1 यांमधली कुठलीही. भोंग्यात मावेल अशी तिची लांबी x = 0 पासून मोजून 1/r येते, कारण रेषाच y = 1/x आहे. मग तिचं वक्रपृष्ठफळ 2πr · (1/r) = 2π. r गेला. बाहेरचा आखूड जाड पापुद्रा असो की आतला मैलोन्‌मैल लांब बारीक पापुद्रा, प्रत्येकाचं क्षेत्रफळ बरोबर 2π. ते सगळे पापुद्रे उलगडून एकावर एक रचले, तर थप्पीची उंची 1 होते, कारण r शून्यापासून 1 पर्यंतच जातो. म्हणजे एकूण घनफळ 2π. आपलं उत्तर π होतं, कारण आपण x = 1 पासून सुरुवात केली. त्याच्या आधीचा, x = 0 ते 1 मधला, 1 त्रिज्येचा तुकडा तोरिचेल्लीने धरला आहे, आणि त्याचं घनफळ बरोबर π आहे. ही वजाबाकी बाबांसमोर कर. यात इंटिग्रेशन कुठेच नाही.